एनईएफटी केली, पैसे पोचले नाहीत: यूटीआरवरून अडकलेली रक्कम कशी शोधायची

मुलुंडच्या आमच्या सोसायटीचा मी खजिनदार आहे. गेल्या वर्षी जानेवारीत गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं काम काढलं आणि कंत्राटदारांना हप्त्याहप्त्याने पैसे द्यायचे ठरले. त्यांचं खातं परळमधल्या एका छोट्या सहकारी बँकेत आहे. जानेवारीचा हप्ता त्यांना तीन दिवसांनी मिळाला, फेब्रुवारीचाही तसाच. दोन्ही वेळा आम्ही "एनईएफटीला वेळ लागतो" असं म्हणून गप्प बसलो. मार्चच्या हप्त्याच्या वेळी मात्र गप्प बसण्यासारखी परिस्थिती नव्हती. त्यांची निम्मी माणसं चिपळूण-गुहागरकडची, शिमग्याला गावी निघालेली. मजुरी हातात पडल्याशिवाय ती गाडीत कशी बसणार?

रक्कम होती १,८४,५०० रुपये. स्लिप शाखेत दिली शुक्रवारी, ७ मार्च २०२५ ला दुपारी. मंगळवारी सकाळी कंत्राटदारांचा फोन आला: "साहेब, अजून काहीच नाही. बँकेत जाऊन आलो. ते म्हणतात, आमच्याकडे आलेलंच नाही." आमची बँक म्हणत होती, पैसे गेले. दोन्ही बँका आपापल्या जागी खरं बोलत होत्या, आणि तरीही रक्कम कुठेतरी पडून होती. ती कुठे होती आणि कशी सापडली, ते सगळं लिहून ठेवतो. अशी वेळ बऱ्याच सोसायट्यांवर, दुकानदारांवर आणि घरभाडं पाठवणाऱ्यांवर पुन्हा पुन्हा येते.

हातातला नंबर यूटीआर आहे का?

पहिली अडचण इथेच होते. मोबाइल अ‍ॅपवर पैसे पाठवले की "ट्रान्झॅक्शन सक्सेसफुल" असं येतं आणि खाली एक संदर्भ क्रमांक दिसतो. बऱ्याचदा तो त्या बँकेचा आतला क्रमांक असतो. समोरच्या बँकेला त्यावरून काहीही सापडत नाही. दोन्ही बँकांना आणि मधल्या रिझर्व्ह बँकेच्या यंत्रणेला समान असणारा क्रमांक एकच, तो म्हणजे यूटीआर. खात्याच्या स्टेटमेंटमध्ये ज्या दिवशी रक्कम वजा झाली त्या ओळीत तो बहुतेक वेळा असतो, किंवा व्यवहाराचा तपशील उघडला की दिसतो. शाखेत स्लिप भरून पाठवलं असेल तर काउंटरवर मागून घ्यायचा. स्लिपच्या पावतीवरचा शिक्का म्हणजे यूटीआर नव्हे.

आणि "सक्सेसफुल" या शब्दाचा अर्थ एवढाच, की तुमच्या बँकेने तुमचा आदेश स्वीकारला आणि खात्यातून रक्कम काढली. समोर जमा झाल्याची ती खात्री नाही. ती खात्री वेगळ्या संदेशाने येते. रक्कम जमा केल्यावर समोरची बँक तसं यंत्रणेमार्फत कळवते आणि मग पाठवणाऱ्याला दुसरा एसएमएस येतो, जमा झाल्याच्या तारखेसह आणि वेळेसह. आमच्या सोसायटीच्या खात्याला सेक्रेटरींचा नंबर जोडलेला आहे, त्यामुळे हे दोन्ही एसएमएस त्यांच्याकडे जातात. त्यांना विचारलं. पहिला होता, दुसरा नव्हता. दुसरा आलेला असता तर शोध वेगळ्या दिशेने करावा लागला असता, म्हणजे कंत्राटदार आपलं दुसरंच खातं तर बघत नाहीत ना, हे आधी पाहावं लागलं असतं.

यूटीआर मुळीच नसेल, तर पैसे अजून निघालेलेच नाहीत. दोन सह्यांच्या खात्यांमध्ये हे फार होतं. नेट बँकिंगवर एकाने व्यवहार तयार केलेला असतो, दुसऱ्याची मंजुरी राहिलेली असते, आणि पहिला मात्र "मी केली" म्हणून निश्चिंत असतो. अशा वेळी समोरच्या बँकेत चकरा मारण्यात काही अर्थ नसतो.

यूटीआरच्या पोटातली तारीख

मंगळवारी दुपारी शाखेत गेलो आणि यूटीआर मागून घेतला. तो साधारण असा होता. बँकेची खरी अक्षरं काढून मी इथे ABCD घातलंय:

```
ABCDN25069004127
```

एनईएफटीचा यूटीआर बऱ्याच बँकांत असा सोळा अक्षरांचा असतो. सुरुवातीची चार अक्षरं पाठवणाऱ्या बँकेची, आयएफएससी कोडाच्या सुरुवातीला असतात तीच. पुढे एक अक्षर. मग पाच आकडे तारखेचे, पण ती तारीख आपल्या सवयीची नाही. पहिले दोन आकडे वर्षाचे, २५. पुढचे तीन, ०६९, म्हणजे वर्षातला एकोणसत्तरावा दिवस. उरलेले सहा आकडे त्या दिवसाच्या व्यवहाराचा अनुक्रमांक. काही बँकांचा यूटीआर वेगळ्या मांडणीचा आणि जास्त लांबीचाही असतो, तेव्हा आकड्यांचा अर्थ लावण्याआधी काउंटरवर एकदा विचारून घ्यावं.

जानेवारीचे ३१ आणि फेब्रुवारीचे २८ मिळून ५९ दिवस. एकोणसत्तरावा दिवस म्हणजे १० मार्च, सोमवार. मी स्लिप दिली होती शुक्रवारी, ७ तारखेला. तो दिवस सहासष्टावा. तारखा जुळत नव्हत्या, आणि पहिले तीन दिवस कुठे गेले ते इथेच कळलं. स्लिप शुक्रवारी उशिरा पोचली, त्या दिवशी ती प्रणालीत चढलीच नाही. शनिवार दुसरा, बँक बंद. मग रविवार. सोमवारी सकाळी कुणीतरी ती चढवली. सोसायटीच्या खात्यातूनही रक्कम १० तारखेलाच वजा झाली होती. मी पासबुक भरून न घेतल्यामुळे ते माझ्या लक्षात आलं नव्हतं.

एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास, आठवड्याचे सातही दिवस चालते. पण ते यंत्रणेपुरतं. शाखेचा काउंटर चोवीस तास चालत नाही. नेट बँकिंगवरून शुक्रवारी दुपारी दिलेला आदेश त्याच दिवशी गेला असता. हा तीन दिवसांचा उशीर आमच्या बाजूचा होता. तो कंत्राटदारांच्या बँकेच्या माथी मारणं चूक ठरलं असतं, आणि मी तेच करायला निघालो होतो.

मुदत कधीपासून मोजायची

एनईएफटीमधले व्यवहार एकेकटे जात नाहीत, दर अर्ध्या तासाला बॅचने जातात. दिवसाला अशा ४८ बॅचेस असतात. आमची नोंद सोमवारी अकरा वाजून काही मिनिटांनी झाली, म्हणजे ती साडेअकराच्या बॅचमध्ये गेली. बॅचचं सेटलमेंट, म्हणजे बँकाबँकांमधला हिशोब, पूर्ण झाल्यापासून दोन तासांत समोरच्या बँकेने रक्कम खात्यात जमा करायची, आणि जमा करता येत नसेल तर तेवढ्याच मुदतीत परत पाठवायची, असा नियम आहे. म्हणजे सोमवारी दुपारी दीडपर्यंत दोनपैकी एक काहीतरी व्हायलाच हवं होतं.

मंगळवारी दुपारपर्यंत दोन्ही झालेलं नव्हतं. जमाही नाही, परतही नाही. अडकलेल्या रकमेची नेमकी खूण ही आहे. खाते क्रमांक साफ चुकलेला असेल, खातं बंद असेल किंवा गोठवलेलं असेल, तर साधारणपणे रक्कम आपोआप परत येते आणि स्टेटमेंटमध्ये आधीच्याच यूटीआरच्या उल्लेखासह "रिटर्न"ची ओळ दिसते. परतही नाही आणि जमाही नाही, याचा अर्थ समोरच्या बाजूला ती रक्कम माणसाने हात लावण्याची वाट बघत पडली आहे.

आपल्या बँकेला विचारायचं काय

"माझे पैसे कुठे आहेत?" असं विचारलं की काउंटरवरून "गेलेत, वाट बघा" एवढंच उत्तर मिळतं. फेब्रुवारीत मलाही तेच मिळालं होतं. या वेळी मी कागदावर तीन प्रश्न लिहून नेले. हा यूटीआर कोणत्या तारखेच्या, किती वाजताच्या बॅचमध्ये गेला? त्यावर रिटर्न आलाय का? जमा झाल्याची पोच आली आहे का? शाखेतल्या मॅडमनी स्क्रीनवर बघून पाच मिनिटांत सांगितलं: १० तारीख, साडेअकराची बॅच, रिटर्न नाही, पोचही नाही.

मग मी चौथा प्रश्न विचारला, आणि पुढचा सगळा उलगडा त्यातून झाला. पैसे कोणत्या आयएफएससीवर गेले? मॅडमनी कोड वाचून दाखवला. पहिली चार अक्षरं कंत्राटदारांच्या सहकारी बँकेची नव्हती. एका मोठ्या खासगी बँकेची होती.

मला वाटलं, कोडच चुकला. पण कंत्राटदारांनी दिलेल्या रद्द चेकवर तोच कोड छापलेला होता. मॅडम म्हणाल्या, "चूक नाही. छोटी बँक आहे ना, तिचे पैसे हिच्यामार्फत येतात."

मधली बँक

मुंबईत राहणाऱ्याने हे समजून घ्यायलाच हवं, कारण परळ-लालबागपासून डोंबिवलीपर्यंत कितीतरी कुटुंबांची खाती छोट्या सहकारी बँकांत आहेत. रिझर्व्ह बँकेच्या एनईएफटी आणि आरटीजीएस यंत्रणेत प्रत्येक बँक थेट सदस्य नसते. काही छोट्या बँका एखाद्या मोठ्या बँकेच्या आधाराने उपसदस्य म्हणून येतात. त्या मोठ्या बँकेला प्रायोजक बँक म्हणतात. काउंटरवर सगळे "स्पॉन्सर बँक"च म्हणतात. अशा छोट्या बँकेच्या शाखेचा आयएफएससी पुष्कळदा स्पॉन्सर बँकेच्या चार अक्षरांनीच सुरू होतो. रक्कम आधी स्पॉन्सरकडे पोचते, तिथून ती छोट्या बँकेकडे येते, आणि छोटी बँक ती ग्राहकाच्या खात्यात टाकते.

म्हणजे एका शोधात दोन नाही, तीन बँका होत्या. आम्ही पाठवणारे आणि ते घेणारे, एवढंच डोक्यात ठेवून फोन करत होतो आणि मधली पायरी कुणाच्या गावीच नव्हती. हे ओळखण्याची सोपी रीत अशी: आयएफएससी अकरा अक्षरांचा असतो, पाचवं अक्षर नेहमी शून्य असतं. पहिली चार अक्षरं आणि पासबुकावरचं बँकेचं नाव यांचा मेळ लागत नसेल, तर मधे स्पॉन्सर आहे असं समजून चालावं आणि चौकशी करताना तसं विचारावं.

"आमच्याकडे आलेलं नाही" याचा खरा अर्थ

बुधवारी, १२ तारखेला सकाळी मी कंत्राटदारांबरोबर त्यांच्या शाखेत गेलो. त्यांनी स्वतः येणं गरजेचं होतं. बँक त्यांच्या खात्याची माहिती मला, परक्या माणसाला देणार नाही, आणि देऊही नये. पाठवणाऱ्याने आपल्या बँकेमार्फत विचारायचं आणि घेणाऱ्याने आपल्या बँकेत. दोघांच्या हातात यूटीआर मात्र एकच हवा.

काउंटरवरच्या ताईंनी कंत्राटदारांचा खाते क्रमांक टाकला, स्टेटमेंट उघडलं, आणि आदल्या दिवशीसारखंच म्हणाल्या, "बघा, काही आलेलं नाही." त्यांचं काही चुकत नव्हतं. पण त्यांनी शोधलं खाते क्रमांकावरून. जी रक्कम खात्यात पडलेलीच नाही ती खात्याच्या स्टेटमेंटमध्ये कशी दिसणार? तिथे कितीही वेळा बघितलं तरी उत्तर तेच येणार. शोधायला हवं ते बाहेरून आलेल्या रकमांच्या यादीत, ज्याला बँकेत "इनवर्ड" म्हणतात, आणि तेही यूटीआर टाकून. ती यादी शाखेच्या स्क्रीनवर असेलच असं नाही. छोट्या बँकांत हे काम बहुधा मुख्य कार्यालयात होतं.

मी विनंती केली, "ताई, खात्यात नको, इनवर्डमध्ये यूटीआर टाकून बघता येईल का? न जमलेल्या एन्ट्रीत किंवा सस्पेन्सला पडलंय का, तेवढं मुख्य कार्यालयाला विचाराल का?" त्यांनी फोन लावला. यूटीआर वाचून दाखवताना शून्य आणि इंग्रजी ओ यांत घोळ झाला, मग मी तो टाइप करून पाठवला. (फोटो पाठवला असता तर पलीकडच्या माणसाला पुन्हा हाताने टाइप करावा लागला असता आणि घोळ तसाच राहिला असता.) दहा मिनिटांनी उत्तर आलं. रक्कम सोमवारीच स्पॉन्सरकडून त्यांच्या बँकेत आलेली होती आणि सस्पेन्समध्ये, म्हणजे कुणाच्या खात्यात टाकायची ते न ठरलेल्या रकमा ठेवतात त्या तात्पुरत्या खात्यात, पडून होती.

कारण? या बँकेने काही काळापूर्वी सॉफ्टवेअर बदललं आणि सगळ्या ग्राहकांना नवे, जास्त आकड्यांचे खाते क्रमांक दिले. आमच्याकडे कंत्राटदारांचा जो रद्द चेक होता तो जुन्या चेकबुकातला. त्या जुन्या क्रमांकावर रक्कम आली की नव्या प्रणालीला खातं सापडत नसे, आणि एन्ट्री न जमलेल्यांच्या यादीत जाई. मुख्य कार्यालयातलं कुणीतरी सवडीने ती यादी उघडून, नाव बघून, जुना-नवा क्रमांक ताडून रक्कम हाताने टाकत असे. जानेवारीचे तीन दिवस असेच गेले होते, फेब्रुवारीचेही. बँकेने खरं तर दोन तासांत ती परत पाठवायला हवी होती. परत आली असती तर जानेवारीतच आम्हाला क्रमांक जुना असल्याचं कळलं असतं. ग्राहकाला मदत करण्याच्या भावनेने कुणी हाताने एन्ट्री करत होतं, हे मी समजू शकतो. पण त्यामुळेच मूळ दोष तीन महिने झाकला गेला.

इथे नावाबद्दलही सांगायला हवं. स्लिपवर आपण घेणाऱ्याचं नाव लिहितो म्हणून वाटतं की बँक नाव आणि क्रमांक दोन्ही ताडून बघते. तसं नाही. रक्कम जमा होते ती फक्त खाते क्रमांकावर. एक आकडा चुकून तो दुसऱ्या कुणाचा खरा क्रमांक निघाला, तर रक्कम त्याच्या खात्यात जाते आणि तुम्हाला जमा झाल्याची पोचही येते. तो उशीर नव्हे. ते प्रकरण वेगळं आणि जास्त अवघड, कारण त्या खातेदाराच्या संमतीशिवाय बँक सहसा रक्कम परत काढत नाही. जुना क्रमांक दुसऱ्या कुणाचा निघाला नाही, हे आमचं नशीब.

लेखी अर्ज

तोंडी बोलणं झाल्यावर कंत्राटदारांनी तिथेच अर्ज दिला आणि त्याच्या प्रतीवर तारखेसह शिक्का घेतला. मजकूर मी सांगितला, तो असा:

"माझ्या खात्यासाठी दि. १० मार्च २०२५ रोजी सकाळी ११.३० च्या बॅचमध्ये एनईएफटीने रु. १,८४,५०० पाठवण्यात आले आहेत. यूटीआर ABCDN25069004127. रक्कम आपल्या स्पॉन्सर बँकेमार्फत आली असून अद्याप माझ्या खात्यात जमा झालेली नाही व पाठवणाऱ्यास परतही गेलेली नाही. आपल्या इनवर्ड नोंदीत यूटीआरवरून शोध घेऊन रक्कम जमा करावी अथवा परत करावी, आणि रक्कम आपल्याकडे आल्याची व जमा केल्याची तारीख-वेळ लेखी कळवावी. उशिराच्या कालावधीचे व्याज नियमानुसार द्यावे."

यात आरोप नाही, विनवणीही नाही. शोध घेणाऱ्याला लागणाऱ्या चार गोष्टी आहेत: तारीख, बॅच, रक्कम, यूटीआर. "जमा करा अथवा परत करा" हे शब्द मी मुद्दाम घातले, कारण बँकेपुढे नियमाने हे दोनच मार्ग आहेत. "चौकशी सुरू आहे" हा तिसरा मार्ग त्यात बसत नाही.

शाखेत दाद लागली नसती तर पुढची पायरी होती बँकेचं एनईएफटी ग्राहक सुविधा केंद्र. प्रत्येक बँकेला असं केंद्र ठेवावं लागतं. घेणारा आपल्या बँकेच्या केंद्राकडे जातो आणि पाठवणारा आपल्या. तक्रारीला ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. तिथे शिक्क्याची प्रत लागते, म्हणून ती पहिल्याच दिवशी घ्यावी. आम्हाला तिथवर जावं लागलं नाही. बुधवारी दुपारी पावणेदोनला रक्कम जमा झाली, सेक्रेटरींना दुसरा एसएमएस आला, आणि गुरुवारी होळीच्या आधी माणसं गावी निघाली.

व्याजाचा हिशोब

उशिरा जमा केलेल्या किंवा उशिरा परत केलेल्या एनईएफटीवर बँकेला रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो दर, अधिक दोन टक्के या दराने व्याज द्यावं लागतं, आणि ते ग्राहकाने मागण्याची वाट न बघता. मार्च २०२५ मध्ये रेपो दर ६.२५ टक्के होता, म्हणजे व्याजाचा दर ८.२५. १,८४,५०० रुपयांवर दिवसाला सुमारे ४१ रुपये ७० पैसे होतात. सोमवारी दुपारी दीड ते बुधवारी दुपारी पावणेदोन, म्हणजे दोन दिवस धरले तर ८३ रुपये ४० पैसे.

एवढ्याशा रकमेसाठी अर्जात ओळ कशाला, असं कंत्राटदारांनी मला विचारलं. माझं मत असं की, व्याज मागितलं की बँकेला रक्कम कधी आली आणि कधी जमा केली या दोन वेळा कागदावर लिहाव्या लागतात. आम्हाला त्या वेळा हव्या होत्या. ८३ रुपये आठवड्याभराने आले. पण त्याबरोबर आलेल्या पत्रात "जुना खाते क्रमांक" हे शब्द लेखी मिळाले, आणि ते पत्र आता सोसायटीच्या फाइलला लावलेलं आहे.

शुक्रवार ते सोमवारचं व्याज मात्र त्यांच्या बँकेकडे मागायचा आम्हाला हक्क नव्हता. ती स्लिप आमच्या शाखेत पडून होती.

आरटीजीएस असती तर

रक्कम दोन लाख किंवा त्याहून जास्त असेल तर आरटीजीएस करता येते. तिथे बॅच नसते, प्रत्येक व्यवहार सुटा जातो. म्हणून मुदतही आखूड असते. समोरच्या बँकेला संदेश मिळाल्यापासून ३० मिनिटांत जमा, आणि जमा करता येत नसेल तर तासाभरात परत. ही यंत्रणाही १४ डिसेंबर २०२० पासून चोवीस तास चालते. तिचा यूटीआर बावीस अक्षरांचा असतो आणि वाचायला सोपा:

```
ABCDR52025031000012345
```

चार अक्षरं बँकेची, मग R, मग एक खूण, मग सरळ वर्ष-महिना-दिवस आणि शेवटी आठ आकड्यांचा अनुक्रमांक. दिवस मोजत बसायला नको.

आमची रक्कम दोन लाखांच्या आतली होती, पण आरटीजीएस करता आली असती तरी ती तिथेच अडकली असती. जुना क्रमांक जुनाच राहिला असता आणि स्पॉन्सरमार्फत ती त्याच सस्पेन्समध्ये गेली असती. "पुढच्या वेळी आरटीजीएस करा, लगेच जाईल" असा सल्ला मला दोघातिघांनी दिला होता. बँक ते बँक हा प्रवास आमच्याही वेळी झटपटच झाला होता. उशीर झाला तो प्रवासाच्या आधी आमच्या काउंटरवर आणि प्रवासानंतर त्यांच्या मुख्य कार्यालयात.

अडकलेली रक्कम सापडेपर्यंत दुसऱ्यांदा पैसे पाठवायचे का, हा प्रश्न त्या मंगळवारी आमच्या कमिटीपुढे आलाच होता. माणसं अडली होती म्हणून मलाही मोह झाला. पण परत किंवा जमा यांतलं काहीही नक्की झालेलं नसताना दुसरी रक्कम पाठवली की दोन्ही जमा होऊ शकतात, आणि मग जास्तीचे परत मागणं ही बँकेची नाही, आपली डोकेदुखी होते. सेक्रेटरींनी स्वतःच्या खात्यातून कंत्राटदारांना दहा हजार उसने दिले, गावी जाणाऱ्यांच्या तिकिटांपुरते. बाकी थांबलो.

एप्रिलचा हप्ता

कंत्राटदारांनी नवं चेकबुक मागवलं आणि त्यातला एक चेक रद्द करून आम्हाला आणून दिला. जुना क्रमांक आम्ही बँकेतल्या लाभार्थ्यांच्या यादीतून काढून टाकला. नुसता नवा टाकून जुना तसाच ठेवला असता, तर सहा महिन्यांनी कुणीतरी पुन्हा जुन्यावर बोट ठेवलं असतं.

आणखी एक सोय एप्रिलपासून मिळाली. १ एप्रिल २०२५ पर्यंत सगळ्या बँकांनी एनईएफटी आणि आरटीजीएससाठी घेणाऱ्याचं नाव आधी दाखवण्याची सुविधा द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश होता. खाते क्रमांक आणि आयएफएससी टाकला की त्या खात्यावरचं नोंदलेलं नाव पाठवण्याआधी समोर येतं. शाखेत जाऊन पाठवणाऱ्यांनाही ती मिळायला हवी, असं त्यात आहे. मी काउंटरवर मागितली. मॅडमनी नवा क्रमांक टाकला, आणि स्क्रीनवर कंत्राटदारांच्या फर्मचं नाव उमटलं.

स्लिप या वेळी मंगळवारी सकाळी साडेदहाला दिली आणि यूटीआर हातात घेऊनच शाखेतून निघालो. तो लगेच कंत्राटदारांना टाइप करून पाठवला. सेक्रेटरींना दुसरा एसएमएस आला तेव्हा बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.